यंदा भोगी आपल्याकडे जेवायची

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना मनापासून शुभेच्छा. गल्ल्यावर बिल देता-घेता दोन शब्द बोलणं होतं, पण निवांत असं होत नाही, म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षीची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. भोगीच्या दिवशी दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर आपले रोजचे आजोबा येऊन बसले. ताट समोर आलं, त्यांनी पोळी उचलून पाहिली आणि वाढणाऱ्या मुलाला हळूच विचारलं, "आज बाजरीची भाकरी नाही का रे?" नव्हती. दुपारच्या गर्दीच्या गडबडीत भोगी आमच्या लक्षातच राहिली नव्हती. ते काही बोलले नाहीत, नेहमीसारखे जेवले आणि गेले. रात्री घरी आईला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "अरे, घरी करणारं कुणी असतं, तर ते तुझ्याकडे कशाला आले असते?"

आपल्याकडे रोज जेवणाऱ्यांत शिकायला आलेली मुलं आहेत, नोकरीसाठी एकटे राहणारे आहेत, आणि ज्यांच्या घरची चूल आता एकाच माणसासाठी पेटत नाही असेही आहेत. सणाला तुमच्या ताटात सण दिसायलाच हवा होता. म्हणून यंदा मंगळवारी, १३ जानेवारीला, दोन्ही वेळेला भोगीचं जेवण करतो आहोत.

भाजी आईच्या हातची. सोलाणे, पावटा, घेवडा, वांगी, गाजर, शेंगदाणे, उसाचे दोन-चार करवे आणि बोरं, वरून तिळाचं कूट आणि गूळ. तुमच्या घरी यात एखादी भाजी जास्त पडत असेल किंवा एखादी चालत नसेल. प्रत्येक घरची भोगी वेगळीच. सोबत मुगाच्या डाळीची खिचडी, कढी, वांग्याचं भरीत, लोण्याचा गोळा आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी.

भाकरीबद्दल थोडं सांगतोच. बाजरीचं पीठ चार दिवस जुनं झालं की कडवट लागतं, म्हणून ते त्याच दिवशी सकाळी गिरणीतून दळून आणणार आहोत. आमच्या मावशी भाकरी थापत आणतात, शेवटी वरून चिमूटभर तीळ पेरतात आणि तळव्याने अगदी हलकं दाबतात. जोर जास्त लागला तर भाकरी फाटते, कमी पडला तर तीळ तव्यावरच गळतात. एका वेळी दोनच भाकऱ्या होतील, त्यामुळे त्या दिवशी थोडं थांबावं लागेल. आधी करून झाकून ठेवलेली भाकरी मला वाढायची नाही.

बुधवारी, १४ तारखेला, संक्रांतीची गुळपोळी आणि वर साजूक तूप. सारण काठापर्यंत पोचलेलं असेल, हा शब्द आईचा. ती गेले आठ दिवस तीळ निवडते आहे.

दोन्ही दिवस दर रोजच्या थाळीचाच. महिन्याचं कार्ड असलेल्यांनी वेगळं काही द्यायचं नाही. नेहमीची थाळीही असेलच, आणि मंगळवारचा उपास असणाऱ्यांसाठी साबुदाण्याची खिचडी. तीळ किंवा शेंगदाणे ज्यांना सोसत नाहीत त्यांनी जरूर आधी सांगा. या दोन दिवसांत जवळजवळ प्रत्येक पदार्थात ते आहेत, तेव्हा तुमचं जेवण वेगळ्या भांड्यांत करावं लागेल. साखरेचा त्रास असणाऱ्यांना गुळपोळीचा आग्रह होणार नाही, त्यांना साधी पोळी गरम मिळेल.

वेळ नेहमीचीच, दुपारी १२ ते ३ आणि रात्री साडेसात ते साडेदहा. परीक्षा, रात्रपाळी किंवा तब्येतीमुळे येता येत नसेल, तर डबा भरून ठेवू. जवळ राहणाऱ्यांना आमचा मुलगा घरी आणून देईल. आणि तुमच्या ओळखीत कुणी शहरात नवीन आलं असेल, एकटं असेल, तर त्यालाही घेऊन या.

आजोबांना मी काल स्वतः सांगितलं. ते म्हणाले, "लोणी घरचं आहे ना?" आहे. सोमवारी विरजण घुसळायचं आहे.

किती जण येताय ते सोमवारी रात्रीपर्यंत गल्ल्यावर सांगून ठेवा किंवा फोन करा, म्हणजे सकाळी बाजरी किती दळायची ते ठरवता येईल.

तुमचाच,
गल्ल्यावरचा दादा, आई, मावशी आणि स्वयंपाकघरातली सगळी मंडळी