रेवाचा मेसेज आलाय

मुक्ते, जागी असशील तर आत्ता वाच, नाहीतर सकाळी. पण पूर्ण वाचल्याशिवाय ग्रुपवर एक अक्षर टाकू नकोस, हात जोडते.

रेवाचा मेसेज आलाय. हो, आपल्याच रेवाचा. जसाच्या तसा खाली चिकटवते:

‘हाय मॅडमबाई.. कशी आहेस? सहज आठवण आली. जुने फोटो बघत होते, त्यात तुझा तो छत्री उलटी झालेला सापडला.. हसून हसून पुरेवाट. बाकी मी मजेत. नवीन काही नाही. घाई नाही गं, सावकाश रिप्लाय दे.’

बस्स, एवढंच. वर्षभर ना फोन ना मेसेज, वाढदिवसाच्या शुभेच्छांना साधा अंगठासुद्धा नाही, आणि आता म्हणे नवीन काही नाही!

आधी वाटलं, हिचं अकाउंट कुणीतरी हॅक केलंय. हल्ली असंच सुरू होतं ना, आधी गोड हाय-हॅलो, मग ‘अर्जंट पैसे हवेत, संध्याकाळी परत करते’, नाहीतर ‘चुकून तुझ्या नंबरवर ६ आकडी कोड आलाय, तेवढा पाठव’. पण छत्रीचा तो फोटो आपल्या तिघींकडेच आहे, मॅडमबाई मला दुसरं कुणी म्हणत नाही, आणि वाक्य संपलं की दोन टिंबं द्यायची खोड तिचीच. शिवाय मागितलेलं काहीच नाही. तेव्हा बाई तीच आहे. तरी पैशाबिशाचा विषय निघालाच तर आधी फोनवर आवाज ऐकणार, मग पुढचं.

आता खरी गोष्ट ऐक. त्या मेसेजखाली बारीक अक्षरात ‘एडिटेड’ दिसतंय. मेसेज आला तेव्हा फोन माझ्या हातातच होता, त्यामुळे वर नोटिफिकेशनमध्ये पहिली ओळ मी वाचली होती: ‘हाय मॅडमबाई.. रागावलीयेस?’ मी चॅट उघडेपर्यंत तिथे ‘कशी आहेस?’ झालं होतं. बदलायला १५ मिनिटं मिळतात, हिने एक मिनिटही घेतलं नसेल.

म्हणून म्हणते, सहजबिहज काही नाही. फोटो बघता बघता आठवण आली असेलही, पण सहज हाय करणारं माणूस ‘घाई नाही, सावकाश दे’ असं कशाला लिहील? उत्तर आलंच नाही तर आपली आपण समजूत घालायची सोय आहे ती. आणि ‘नवीन काही नाही’चा अर्थ मी तरी एवढाच घेते की सांगण्यासारखं बरंच आहे, पण आत्ता विचारू नका. नोकरी, घर, तब्येत, काय ते देव जाणे. अंदाज बांधत बसायचं नाही असं ठरवलंय. (तुझे तीन अंदाज तयार असतील, ते तुझ्यापाशीच ठेव.)

मला खुपलं ते वेगळंच. चॅट उघडलं की तिच्या मेसेजच्या अगदी वर माझेच जुने मेसेज आहेत. आईच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्रीचे. ‘भीती वाटतेय गं’, ‘जमलं तर फोन कर’. दोन्हीवर निळ्या टिका. आणि त्यांना लागून खाली एकदम छत्री. टाइप करताना तिलाही ते दिसलेच असणार ना? आई कशी आहे, एवढं विचारायला काय जात होतं? मग वाटलं, तिथून सुरुवात केली असती तर वर्षभराचा हिशेब द्यावा लागला असता, आणि तेवढं बळ तिच्यात नसेल. तिची बाजू घेत नाहीये. राग आहेच, आणि तो मी गिळणारही नाही. पण पहिल्याच उत्तरात तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं तर ती पुन्हा गायब होईल, आणि मला ते नकोय.

एक लांबलचक उत्तर लिहिलं होतं, चांगलं स्क्रोल करावं लागेल एवढं. पुसून टाकलं. पाठवलं ते असं:

‘रागावलेय. आई आता बरी आहे. मीही ठीक. रविवारी दुपारी मोकळी आहे, फोन कर. कुठे होतीस ते तुला वाटेल तेव्हा सांग. छत्रीचा फोटो डिलीट कर आधी.’

‘रागावलेय’ वाचून तिला कळेल की मी पहिली ओळ पाहिली होती. कळू दे.

तुला काही आलंय का तिचं? नसेल तर आपणहून मेसेज करू नकोस, आणि मी हे तुला पाठवलंय हे तिला अजिबात कळता कामा नये. रविवारी तिने फोन केला तर सोमवारी तुला सगळं सांगते. नाही केला तरी सांगेनच, तेव्हा शिव्या द्यायला तयार राहा. चल, झोपते.