लाईट येईस्तोवर

बसा. आधी सगळे बसा आणि पाणी प्या. घटाघटा नको, दोन-दोन घोट. लाईट गेली ती आपल्या नशिबानं गेली. एरवी पाच मिनिटांत पुन्हा मॅटवर उभं राहावं लागलं असतं, आता जनरेटर सुरू होईस्तोवर आपलीच वेळ आहे. मोबाईलचा उजेड खाली करा, तोंडावर मारू नका कुणाच्या.

दत्तू, अंगठा बघू. वाकतोय? पूर्ण वाकव. दुखतंय पण वाकतोय, म्हणजे निखळलेला नाही. नागेश, ती पट्टी दे हिकडं. मी बांधता बांधता बोलतो, तुम्ही ऐका.

अकरा-एकवीस. दहानं मागं आहोत. लपवण्यासारखं काही नाही, सगळ्या गावानं बघितलंय. पण हे एकवीस आले कुठनं, ते मी बाहेर बसून मोजालो होतो. आठ टच. सहा पकडी. चार बोनस. लोणाचे दोन. किती झाले? वीस. एकविसावा माझा आहे. लोण चढायच्या वेळी मी एकटा उरलो होतो, रेडला गेलो आणि कुणी हात लावायच्या आत माझाच पाय लॉबीत पडला. त्यांच्या कुणी मला धरलं नाही, मी स्वतः बाहेर गेलो. सोळा वर्षांच्या पोरानं केलं असतं तर मी त्याला आठवडाभर बोललो असतो. ते माझ्या नावावर धरा, आणि आता सोडा.

पण आठ टचातले चार कसे गेले, ते सांगतो. भरमू, तुझे दोन, नागेशचा एक, दत्तूचा एक. चारीही वेळा तुम्ही बरोबर वेळेला गेला होता. चूक वेळेची नव्हती. आपण मलप्रभेच्या काठाला मातीत खेळतोय लहानपणापासनं. मातीत अंग टाकलं की सरकतं, दोन फूट लांबनं झेप घेतली तरी हात घोट्यापर्यंत जातो. मॅट सरकू देत नाही. अंग जिथं पडलं तिथंच राहतं. भरमू, दुसऱ्या वेळेला तुझी बोटं आणि त्याचा बूट यांच्यात वीतभर अंतर राहिलं, मी बघितलं. त्यानं वाकून तुझ्या पाठीला टप्पल मारली आणि गेला हसत. तर झेपेच्या आधी एक पाऊल जास्त. एकच. आणि आडवं पडायचं नाही, उभ्यानं मांडीवर जायचं. एवढं बदललं तरी चारातले दोन वाचतात.

बोनसचं सोपं आहे. चारी बोनस त्या नऊ नंबरनं घेतले आणि चारी आपल्या डाव्या कॉर्नरकडनं. म्हणजे सोमू, तुझ्याकडनं. नको मान खाली घालू. तू एकदम मागं चिकटतोयस. बोनस लाईनपासून मागच्या लाईनपर्यंत पावणेदोन मीटर जागा आहे, तू त्यातली सगळी वापरालास. त्याला काय, आरामात पाय टाकतो, दुसरा पाय हवेत, झालं. तू अर्धा मीटर पुढं उभा राहा. त्याला पाय टाकायचा धीर होणार नाही, आणि टाकलाच तर घोटा तुझ्या समोर येतो. पण हे तू आत आल्यावर. आत्ता तू आणि मी दोघंही बाहेर आहोत.

आता हे नीट ऐका. आपण आत पाच आहोत. हाफ बदलला म्हणून सात होत नाही, जेवढे जिवंत होते तेवढेच उतरणार. कुणाला हे वाईट वाटत असेल तर ऐका, समोर पाच असताना त्याला बोनसच नाही. सहा असल्याशिवाय बोनस मिळत नाही. म्हणजे नऊ नंबरचा आवडता धंदा पहिली काही मिनिटं बंद. आणि ते सात आहेत, म्हणजे आपल्याला बोनस चालू.

ते काय करणार ते सांगू? दहानं पुढं आहेत. वेळ काढणार. रेडला येणार, बाल्क ओलांडणार, इकडं तिकडं नाचणार, तीस सेकंद खाऊन परत जाणार. जाऊ द्या. अजिबात उडी मारायची नाही. पहिल्या हाफला आपण रिकाम्या रेडवर उड्या मारल्या, त्यातच गडी गेले. एक रिकामी गेली, दुसरी रिकामी गेली, की तिसरी डू ऑर डाय. तेव्हा त्याला कुणाला तरी हात लावल्याशिवाय परत जाता येत नाही, बोनसही नाही. तेव्हा तो तुमच्याकडं येणार. तुम्ही त्याच्याकडं जायचं नाही. मल्लू, मोजायचं काम तुझं. दोन झाल्या की बोट वर कर.

मी आत नसेपर्यंत कॅप्टन मल्लूच. तो सांगेल ते.

आणि मल्लूनंच मला एक गोष्ट दाखवली, मला कळली नव्हती. आपण साखळीत उभं राहून काय ओरडालोय? ‘थांब, थांब, घे!’ ते चिकोडीकडची पोरं आहेत. घरात कन्नड बोलतात, पण बाजारात तुमच्या-माझ्यासारखं मराठी बोलतात. तुमचं ‘घे’ त्यांना तुमच्या आधी कळतंय! तो रेडर ‘घे’ ऐकला की मागं सरकतोय. मी तीनदा बघितलं. म्हणून आता तोंड बंद. साखळीत हात धरलाय ना, मनगट दाबायचं. एकदा दाबलं, थांब. दोनदा दाबलं, जा. दत्तू, तुझा अंगठा असा आहे, तू घोट्याला जाऊ नकोस, कव्हरला राहा आणि शेजारच्याचं मनगट घट्ट धर. धरता येतंय ना? बघू. हां, बास.

आणि उलटं पण आहे. त्यांचा कॅप्टन उजव्या कॉर्नरला उभा राहून ‘तडी, तडी’ म्हणालाय. तडी म्हणजे थांब. मग ‘हिडी’ म्हटलं की सगळे अंगावर. परशा, तुला कन्नड कळतं, दुकानात दिवसभर तेच बोलतोस की. रेडला गेल्यावर लोक काय ओरडतात ते ऐकू नकोस, फक्त त्याचं ऐक. ‘तडी’ दोनदा म्हटलं की तिसऱ्याची वाट बघायची नाही. त्याच्या बाजूनं पाय काढून दुसऱ्या कॉर्नरला हात मारायचा आणि मागं.

आणि ती डुबकी बंद, परशा. दोनदा गेलास, दोन्ही वेळा पाच जणांच्या साखळीत घुसलास. प्रदीप नरवाल डुबकी मारायचा ते टीव्हीवर भारी दिसायचं, मला बी आवडायचं. पण तुझी ताकद तुझा हात लांब आहे त्यात आहे. गुडघ्यात वाकलास की तुझा हातच आखूड होतो.

तिकडं कुंपणाजवळनं कोणतरी भाषेवरून ओरडालं मगाशी, ऐकलं असेल सगळ्यांनी. कान देऊ नका. आपल्या टीममध्ये मल्लू आहे, त्याच्या घरात कन्नड बोलतात, त्याच्या आईच्या हातची भाकरी आपण सगळ्यांनी खाल्ली आहे. त्यांच्या टीममध्येही आपल्यासारखी दोन-तीन पोरं असतील. आपल्याला दहा पॉईंट भरून काढायचेत, तेवढंच.

दहा म्हणजे काय? वीस मिनिटं आहेत. तीस सेकंदाची एक रेड, म्हणजे पूर्ण वेळ खाल्ला तरी वीस रेड त्यांच्या, वीस आपल्या. त्यांच्यापेक्षा दहा जास्त करायचे, म्हणजे दर दोन रेडांमागं एक. एका रेडमध्ये पाच मारायला जाऊ नका. एक लोण चढवलं तर सात गडी आणि वर दोन, नऊ तिथंच झाले. त्यांचेही पॉईंट होतील मधे, होऊ देत. भरमूची सुपर पकड आठवा. तिघेच होतो, नऊ नंबर आत आला, भरमूनं कंबर धरली आणि सोडलीच नाही, दोन पॉईंट. तेव्हा त्यांच्या बाकावरचा आवाज गेला होता. अख्ख्या हाफात त्यांना घाबरलेलं मी तेवढंच बघितलं. म्हणजे तिघांवर आलो तरी हात टेकायचे नाहीत, उलट तेव्हा पकडीला दोन मिळतात.

सोमू, इकडं बघ. आत आलास की पहिली रेड तुला देणार नाही, दुसरी देईन. आधी कॉर्नरला एक पकड कर, मग जा. रडू नकोस रे, लोक बघालेत. बरं, रड, अंधार आहे तोवर.

जनरेटरचा आवाज आला बघा. झालं, उठा. पाय हलवा, गार पडू देऊ नका. दत्तू, पट्टी घट्ट आहे का? बरं.

बाजू बदललीय, लक्षात ठेवा, आता मंडप आपल्या पाठीमागं. पहिल्या हाफला पहिली रेड त्यांनी केली, म्हणजे आता पहिली आपली. परशा, तू जातोस. समोर सात आहेत, बोनस मिळेल, पायाखाली आला तर घे. पण बोनसनं गडी आत येत नाही, ते विसरू नकोस. माझा नंबर पहिला आहे. मी त्या डब्यात बसणार, ओरडणार नाही. एकाला हात लाव आणि मला आत घे.