विषय : सांस्कृतिक महोत्सवाच्या प्रायोजकत्वाबाबत

प्रति,
परिसरातील सर्व व्यापारी व व्यावसायिक

सप्रेम नमस्कार,

पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी आमच्या मंडळाचा महोत्सव होतो आहे. पहिल्या दिवशी गायन, दुसऱ्या दिवशी मुलांचे कार्यक्रम, तिसऱ्या दिवशी नाटक. सभागृहात ५५० खुर्च्या आहेत. मुलांच्या दिवशी त्या कमीच पडतात, कारण मंचावरच्या प्रत्येक मुलामागे आई-बाबा, आजी-आजोबा आणि एखादी मावशी येतेच.

ही मंडळी राहतात आपल्याच आसपास. किराणा, औषधे, चष्मा, शाळेचे दप्तर, गाडीची दुरुस्ती हे सगळे ती पायी जाता येईल इतक्या अंतरावरच करतात. आपली जाहिरात शहरभर फिरली तरी दुकानाची पायरी चढणारे गिऱ्हाईक बहुतेक वेळा याच गल्ल्यांतले असते. तीन संध्याकाळ ते एका छताखाली, निवांत बसलेले असेल. म्हणून हे पत्र देणगीसाठी नाही. आपण जी रक्कम द्याल तिच्या बदल्यात आपल्याला काय मिळेल, ते सांगण्यासाठी आहे.

आधी आमची एक चूक कबूल करतो. गेल्या वर्षी मंचामागच्या फलकावर आम्ही अठरा नावे दाटीवाटीने बसवली होती. तिसऱ्या रांगेतून एकही धड वाचता येत नव्हते. यंदा फलकावर फक्त सहा नावे असतील, शेवटच्या रांगेतून वाचता येतील एवढ्या अक्षरांत. शिवाय एका व्यवसायातला एकच प्रायोजक घेणार आहोत. आपले औषधांचे दुकान असेल, तर त्या फलकावर दुसऱ्या औषधांच्या दुकानाचे नाव दिसणार नाही.

फलकापेक्षाही आमचा भरवसा तिकिटावर जास्त आहे. फलक कार्यक्रम संपला की उतरतो, तिकीट मात्र खिशात घरी जाते. प्रत्येक तिकिटाच्या मागच्या बाजूला सहाही प्रायोजकांची कुपने असतील. ग्राहकाने ते आपल्या दुकानात आणून दिले की आपण ठरवलेली सवलत त्याला द्यायची आणि कुपन गल्ल्यात ठेवायचे. महिनाभराने ती मोजली की या खर्चातून किती माणसे आली, हे आपले आपल्यालाच कळेल. आमच्या शब्दावर विसंबायची गरज नाही. सवलत किती आणि कशावर, हे सर्वस्वी आपण ठरवायचे.

मध्यंतर वीस मिनिटांचे असते. त्या वेळी सगळे बाहेर येतात, पाय मोकळे करतात आणि इकडेतिकडे बघत उभे राहतात. तिथेच, दाराच्या दोन्ही बाजूंना, प्रायोजकांना एकेक टेबल देऊ. पत्रके वाटायला हरकत नाही, पण शक्य असेल तर लोकांना करून बघता येईल असे काहीतरी ठेवा. मोफत रक्तदाब तपासणी किंवा चष्म्याच्या फ्रेम घालून बघायला एक आरसा ठेवला, तर पत्रकांच्या गठ्ठ्यापेक्षा गर्दी नक्की जास्त होईल. निवेदक रोज दोनदा आपले नाव घेतील, मध्यंतराआधी आणि मध्यंतरानंतर. कार्यक्रम मध्येच थांबवून जाहिराती वाचणार नाही. त्याने प्रेक्षक वैतागतात आणि तो राग शेवटी प्रायोजकावर निघतो.

तीन प्रकारची प्रायोजकत्वे आणि त्यांच्या रकमा सोबतच्या तक्त्यात दिल्या आहेत. रोख देणे सोयीचे नसेल, तर छपाई, ध्वनिव्यवस्था किंवा मुलांसाठीची बक्षिसे या रूपातही सहभागी होता येईल. तेवढ्या रकमेचा प्रायोजक म्हणूनच आपले नाव लागेल. रकमेची रीतसर पावती मिळेल. महोत्सव झाल्यावर पंधरा दिवसांत फलकाची आणि आपल्या टेबलाची छायाचित्रे आणि तिन्ही दिवसांची प्रेक्षकसंख्या आणून देऊ. संख्या फाटलेल्या तिकिटांवरून मोजलेली असेल, अंदाजाने सांगितलेली नसेल.

तिकिटे छापायला टाकायची असल्याने या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत आपला होकार कळावा. एकाच व्यवसायातल्या दोघांनी विचारले, तर ज्यांचा होकार आधी आला त्यांना जागा देऊ. या आठवड्यात आमचे दोन कार्यकर्ते तिकिटाचा नमुना घेऊन दुकानी येतील. गिऱ्हाइकांची गर्दी असेल तर निःसंकोच सांगा, ते दुपारच्या निवांत वेळी परत येतील.

आपले स्नेहांकित,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणी

सोबत : प्रायोजकत्वाचा तक्ता

ता. क. : होकार कळवताना दुकानाचे नाव पाटीवर आहे तसेच, काना-मात्रेसह लिहून द्यावे. निवेदकांच्या हातातही तोच कागद असेल.