गुडघे आणि घोटे सांभाळून सुरुवात : पहिले सहा आठवडे

ताई, काल तपासताना जे दिसलं त्यावरून हे लिहून देते आहे. वजन १०४ किलो, जिना उतरताना दोन्ही गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला कळ, उजवा घोटा पूर्वी मुरगळलेला आणि संध्याकाळी ठणकणारा. डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही म्हणून सांगितलं आहे. घरी जागेवरच चालवायची व्यायामाची सायकल आहे, हे फार बरं झालं.

तुम्ही विचारलंत, आधी वजन उतरवू आणि गुडघ्यांचं नंतर बघू का? तसं नको. सपाट जागी चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो, जिन्यावर त्याहून जास्त. मांडीचे आणि पोटरीचे स्नायू तयार असतील तर ते यातला बराच धक्का झेलतात. म्हणून आधी स्नायू, आणि चालणं हळूहळू. वजन एक किलोने उतरलं तरी दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो, त्यामुळे थोडंसं उतरलेलं वजनही तुम्हाला जिन्यावर जाणवेल.

दुखण्याचा हिशेब. शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर दुखणं नेहमीइतकंच असेल तर आदला दिवस बरोबर होता. वाढलेलं असेल तर पुढच्या वेळी वेळ आणि आवर्तनं निम्मी करा, पण अंथरुणाला खिळून राहू नका. पूर्ण आरामाने सांधा आणखी आखडतो.

आठवडा १ आणि २. सायकल दिवसाआड, १० मिनिटं, ताण अगदी कमी. सीटची उंची आधी नीट लावा: पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट खाली असेल तर गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीच्या मागे दाब येतो. तुमची कळ नेमकी तिथेच आहे. वेग इतकाच, की सायकल चालवताना सलग बोलता येईल.

मधल्या दिवशी पलंगावर: गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबायचा, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलणं, प्रत्येक पायाला आठ वेळा. मग गुडघे दुमडून कंबर उचलणं, आठ वेळा. घोट्यासाठी खुर्चीत बसून टाचा उचला आणि पाऊल हवेत गोल फिरवा. श्वास रोखायचा नाही, आकडे मोठ्याने मोजलेत तर तो आपोआप चालू राहतो.

आठवडा ३ आणि ४. सायकल १५ मिनिटं. आता खुर्चीतून उठणं सुरू करा, हा या आराखड्यातला सगळ्यात मोलाचा व्यायाम आहे. खुर्ची भिंतीला टेकवा, तिच्यावर घट्ट उशी ठेवून बैठक उंच करा. पुढे सरकून बसा, पावलं खांद्यांइतकी लांब, टाचा जमिनीवर. नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत पुढे झुका आणि उठा. गुडघे आत वळू देऊ नका. बसताना तीन आकडे मोजत खाली या, धप्पकन नको. सहा वेळा, थोडं थांबून पुन्हा सहा. हाताचा आधार लागला तर बिनधास्त घ्या.

चालणं पाच मिनिटं, सपाट रस्त्यावर, दिवसातून दोनदा. सलग दहा मिनिटांपेक्षा असे दोन तुकडे घोट्याला सोसवतात. बुटाची टाच मागून दाबून पाहा, सहज दबली तर तो बूट चालायला नको.

आठवडा ५ आणि ६. चालणं आठवड्यातून पाच दिवस, आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे. सहाव्या आठवड्यात दहा-दहा. सायकल तीन दिवस, २० मिनिटं. सकाळचं दुखणं वाढत नसेल तर खुर्चीवरची उशी काढा. भिंतीला हात टेकवून उभ्याने टाचा उचला, आठ वेळा, आणि कट्टा धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहा. मुरगळलेल्या घोट्याला तोल पुन्हा शिकवावा लागतो. पोहण्याचा तलाव मिळाला तर एखादा दिवस छातीइतक्या पाण्यात चाला. तिथे पायांवर निम्म्याहून कमी वजन येतं.

उड्या, धावणं, खोल उठाबशा आणि मांडी घालून बराच वेळ बसणं सध्या बंद. जिना चढताना आधी बरा पाय, उतरताना आधी दुखरा, आणि कठडा धरून.

गुडघा सुजून गरम झाला, अडकला, अचानक लचकू लागला किंवा रात्री झोपमोड करू लागला तर व्यायाम थांबवून मला फोन करा. छातीत दुखलं किंवा एकाच पोटरीत सूज येऊन ती दुखू लागली तर वाट न पाहता दवाखाना गाठा.

वहीत रोज दोनच गोष्टी लिहा: काय केलं आणि सकाळी किती दुखलं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ती वही घेऊन या, पुढचे आकडे त्यावरूनच बदलू.