हळद लावा गं, कडी लावा!

(साखळीला नेहाच्या हळदीत म्हणायचं गाणं. ठेका संथ सुरू करा, उत्तरापाशी चढवा. टाळ्या: दोन संथ, तीन झटपट. आज्ज्यांना पुढे बसवा, टाळी त्याच नीट धरतात.)

सगळ्या
हळद लावा गं, हळद लावा!
(टाळी, टाळी, टाळी-टाळी-टाळी)
गालाला लावा, नाकाला लावा,
नवरी पळेल गं, कडी लावा!

गौरी
शालू घ्यायला बेळगावा गेली,
चोर्ल्याच्या घाटात ओकत गेली,
दुकानात शालू एक नाही पटला,
गल्ल्यावर बसलेला संकेत पटला!

सगळ्या: पटला गं पटला, कितीला पटला?
गौरी: घासाघीस न करता पटला!

शमा
म्हापशाच्या बाजारी शुक्रवारी
बांगड्यांच्या वाट्यावर भांडते भारी,
पाच रुपयांसाठी घालवते तास,
त्याला मात्र म्हणते, 'तुम्ही म्हणाल तसं!'

(इथे नेहाचा आवाज काढायचा, लाजत. शमाला छान जमतो.)

सगळ्या: हळद लावा गं, हळद लावा!
(टाळी, टाळी, टाळी-टाळी-टाळी)

दीपा
सासूने विचारलं, 'येतं काय काय?'
'हुमण, खतखतं, आणखी काय!'
चहा ठेवला, पातेलं जळलं,
वासावरून शेजारणीला कळलं!

सगळ्या: कळलं गं कळलं, कुठवर कळलं?
दीपा: वाळवंटीपल्याड सगळ्यांना कळलं!

गौरी
सासरच्या घरी मासळी बंद,
हिला तर सुक्या बांगड्याचा छंद,
रुखवतात लाडू, रुखवतात चिवडा,
तळाशी सुक्या सुंगटांचा पुडा!

(वरपक्षाकडचं कोणी बसलं असेल तर हे कडवं गाळा. नाही, गाच!)

शमा
उष्टी हळद घाटावरून येते,
वळणावळणाला गाडी थांबते,
दिराने डबा मांडीवर धरला,
अर्धा स्वतःच्याच शर्टावर सांडला!

सगळ्या: लागली हळद, झाला पिवळा,
दीपा गं दीपा, हाच तुला!

आई (टाळ्या बंद, संथ)
म्हार्दोळच्या जायांची फाती माळा,
माझ्या गं नेहाला तीट लावा.

सगळ्या: लावलं गं लावलं, तीट लावलं,
रडवू नका हो, काजळ धावलं!

नेहा (जोरात, पिवळे हात कमरेवर)
हसा गं हसा, दात काढा,
उद्या मी तुमचाही वाचीन पाढा!
शमाला रोज 'प्लंबर'चा फोन,
नळ तर चालू, मग हा कोण?

सगळ्या (ठेका दुप्पट)
कोण गं कोण, सांग हा कोण?
(टाळी-टाळी-टाळी, टाळी-टाळी-टाळी)
हळद लावा गं, हळद लावा!
नवरीला सोडा, शमाला लावा,
गालाला लावा, नाकाला लावा,
शमा पळाली गं, कडी लावा!