डेअरीचा डॅशबोर्ड कसा वाचायचा, आणि आधी वरची वेळ का बघायची

मंडळी, आपल्या दूध संस्थेचा डॅशबोर्ड आता सगळ्या सभासदांच्या मोबाईलवर दिसतो. चांगली गोष्ट आहे, पण पहिल्या आठवड्यापासून काउंटरवर एकच तक्रार जास्त येतेय, "माझं सकाळचं दूध दिसत नाही" किंवा "काल रात्री वेगळा आकडा होता आज वेगळा आहे". यातल्या बऱ्याच वेळा आकडा बरोबर असतो, फक्त तो किती वाजेपर्यंतचा आहे हे बघितलेलं नसतं. म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय, घरात ज्यांना वाचायला जमत नाही त्यांना प्लीज वाचून दाखवा.

स्क्रीन उघडली की रक्कम बघायच्या आधी सगळ्यात वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "शेवटचे अपडेट" लिहिलंय ते बघा. समजा तिथं 07:15 आहे आणि तुम्ही पावणेआठला बघताय. याचा अर्थ स्क्रीनवर फक्त सव्वासातपर्यंत आलेलं दूध आहे, तुम्ही साडेसातला घातलेलं दूध त्यात नसणारच. ते गेलं कुठं? कुठंही नाही, काउंटरवरच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, तुमच्या हातात त्याची पावती पण आहे, फक्त ते अजून वर पोचलेलं नाही. आपला कॉम्प्युटर नेट चालू असताना दर 15 मिनिटांनी वर माहिती पाठवतो. लाईट गेली किंवा रेंज गेली तरी काटा आणि फॅट मशीन इन्व्हर्टरवर चालू राहतं, नोंदी आतच साठत राहतात आणि नेट आलं की सगळ्या एकदम वर जातात. पावसाळ्यात कधी कधी सकाळच्या नोंदी दुपारी दिसतील, घाबरू नका.

त्या वेळेच्या शेजारी एक ठिपका आहे. हिरवा असेल तर अपडेट अर्ध्या तासाच्या आतलं, पिवळा असेल तर त्याहून जुनं, लाल म्हणजे दोन तासांपेक्षा जास्त झाले. आपलं संकलन सकाळी 6 ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच ते 8, त्यामुळे दुपारी एक वाजता लाल ठिपका दिसला तर त्यात काहीच बिघडलेलं नाही, त्या वेळेत नवीन दूध येतच नाही. पण सकाळी आठला लाल दिसला तर तो खरा लाल, तेव्हा त्या आकड्यावरून कोणताही हिशोब करू नका. आणि मोबाईलवर पान कालपासून उघडंच असेल तर ते आपोआप बदलत नाही, बोटानं खाली ओढून रिफ्रेश करा आणि वेळ बदलली का ते परत बघा.

अजून एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट. तुमच्या रांगेत लिटरच्या खाली आडवी रेघ ( – ) असेल तर नोंद अजून आलेली नाही. 0.0 असेल तर नोंद आली आहे आणि त्यात दूध शून्य आहे. रेघ असेल तर थांबा, पण दूध घालून पण 0.0 दिसत असेल तर त्याच दिवशी पावती घेऊन डेअरीत या.

आता रांग कशी वाचायची. एक उदाहरण घेतो, सकाळ, गाय, 7.4 लिटर, फॅट 3.8, एसएनएफ 8.4, दर 33.20, रक्कम 245.68. दर आणि लिटरचा गुणाकार केला की रक्कम आलीच पाहिजे, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर 7.4 गुणिले 33.20 करून बघा, 245.68 च येतं. हे पडताळणं रोज करा, एक मिनिट लागत नाही. दर कुठून येतो तर दरपत्रकातून, गाईला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा पाया धरून, म्हशीला 6.0 आणि 9.0 धरून, आणि त्याच्या वर खाली गेलं तसा दर वाढतो कमी होतो. दरपत्रक काउंटरच्या मागच्या भिंतीवर लावलंय, आपली फॅट आणि एसएनएफ जिथं एकमेकांना छेदतात तो चौकोन आणि स्क्रीनवरचा दर एकच असला पाहिजे. गाय आणि म्हैस दोन्ही घालणाऱ्यांनी वरचं बटण कुठल्या जनावरावर आहे ते बघूनच दर ताडून बघा, दोन्हींची रांग वेगळी आहे.

आता सरासरी फॅटबद्दल, कारण यावरून घरोघरी वाद होतात. सकाळी 7.4 लिटर 3.8 नं आणि संध्याकाळी 5.6 लिटर 4.2 नं घातलं तर साधी सरासरी 4.0 होते, पण डॅशबोर्ड 3.97 दाखवेल. कारण सकाळचं दूध जास्त होतं म्हणून सरासरीत त्याचा वाटा जास्त धरला जातो. हीच पद्धत बरोबर आहे, आणि पैसे तसेही प्रत्येक वेळच्या दुधावर स्वतंत्र लागतात, सरासरीवर नाही. संध्याकाळची फॅट सकाळपेक्षा जास्त येणं पण नॉर्मल आहे, कारण सकाळची धार काढल्यापासून संध्याकाळपर्यंतचा वेळ रात्रीपेक्षा कमी असतो. किटली ओतायच्या आधी नीट हलवून घ्या, साय वर आलेली असेल तर नमुना चुकीचा निघतो आणि मग मशीनला दोष दिला जातो.

संस्थेच्या एकूण दुधाच्या पानावर आकडे लिटरमध्ये आहेत आणि संघाकडून येणारी टँकरची पावती किलोमध्ये. एक लिटर दूध साधारण 1.03 किलो भरतं, म्हणून आपले 1240 लिटर संघाकडे 1277 किलोच्या आसपास दिसतील. "37 वाढले कुठून" असं म्हणू नका, ते वाढलेले नाहीत.

कालचा आकडा आज सकाळी बदललेला दिसू शकतो, कारण रात्री उशिरा वर गेलेल्या नोंदी आणि दुरुस्त्या सकाळी 10 पर्यंत मिळवल्या जातात. दहानंतर कालच्या दिवसाला कुलूप लागतं आणि शेजारी "अंतिम" असं येतं. दहाच्या आत दिसणारा कालचा आकडा कच्चा समजा. दुरुस्ती केली असेल तर आकड्याशेजारी चांदणी येते, तिच्यावर बोट ठेवलं की जुना आकडा, नवा आकडा आणि दुरुस्तीची वेळ तिन्ही दिसतात. चांदणी नसताना अंतिम आकडा बदललेला दिसला तर सचिवांना विचारायचा तुमचा पूर्ण हक्क आहे, संकोच करू नका.

बिल 1 ते 10, 11 ते 20 आणि 21 ते महिनाअखेर असंच निघतं. डॅशबोर्डवरची रक्कम ही फक्त दुधाची आहे, पशुखाद्याची उधारी, ॲडव्हान्स, शेअर्सची कपात त्यात वजा नाही, त्यामुळे खात्यावर जमा होणारी रक्कम कमी असेल. सरकारी अनुदान पण इथं दिसणार नाही. 2024 मध्ये गाईच्या दुधाला जे लिटरमागं 5 रुपये मिळाले तेही थेट बँक खात्यावर आले होते.

ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकताना वरची वेळ कापू नका, वेळेशिवाय फोटोवरून काहीच ठरवता येत नाही आणि उगाच गैरसमज पसरतो. तक्रार असेल तर पावती आणि वेळेसकट स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी 10 च्या आत या, कारण त्यानंतरची दुरुस्ती मशीनवर होत नाही, सचिव आणि चेअरमन दोघांच्या सहीचा अर्ज लागतो. मोबाईल नसलेल्यांसाठी कालचा अंतिम तक्ता रोज सकाळी साडेदहाला नोटीस बोर्डवर लावतोय, त्यात तुमचा सभासद नंबर शोधा.