बायोडेटा: दीक्षा गुरुदास नाईक, कंपनी सेक्रेटरी प्रशिक्षणार्थी

राहणार: बांदोडा, फोंडा, गोवा. फोन आणि ईमेल सोबतच्या अर्जावर दिले आहेत.
अर्ज कशासाठी: वेर्णा औद्योगिक वसाहतीतील आपल्या कंपनीच्या सेक्रेटरियल विभागात, माझ्या २१ महिन्यांच्या प्रशिक्षणापैकी उरलेल्या ९ महिन्यांसाठी.

थोडक्यात

सीएस एक्झिक्युटिव्हचे दोन्ही गट उत्तीर्ण. ३ फेब्रुवारी २०२५ पासून पणजीतील एका प्रॅक्टिसिंग कंपनी सेक्रेटरींकडे प्रशिक्षण घेते आहे. बारा महिने येत्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला पूर्ण होतील. आमच्याकडे ३४ कंपन्या आणि ६ एलएलपी आहेत. बहुतेक घरच्याच कंपन्या: हॉटेल, काजू, बार्ज, बांधकाम. गोपनीयतेमुळे त्यांची नावे इथे देत नाही. एकाच कंपनीचे काम सलग आतून बघायला मिळावे, म्हणून हा अर्ज.

फायलिंग

फॉर्मवर सही सरांची असते. त्याआधीचे सगळे माझ्याकडे: माहिती जमवणे, फॉर्म भरणे, जोडपत्रे तयार करणे, डीएससीची मुदत तपासणे, चलन भरणे, एसआरएन नोंदवणे. २०२४-२५ या आर्थिक वर्षासाठी २९ कंपन्यांचे AOC-4 आणि MGT-7 किंवा MGT-7A मी तयार केले. जुलै २०२५ मध्ये हे फॉर्म एमसीएच्या व्ही३ पोर्टलवर आले आणि आधीच्या वर्षाच्या फायलींवरून शिकलेली पद्धत बरीचशी बाजूला ठेवावी लागली. याशिवाय ADT-1, DIR-12, DPT-3, MSME-1, MGT-14, PAS-3, CHG-1 आणि एलएलपींचे फॉर्म ८ व ११ हाताळले.

एक PAS-3 दुरुस्तीसाठी परत आला होता. भागधारकाचे आडनाव फर्नांडिस. पॅनवर शेवटी एस, वाटपाच्या यादीत झेड. गोव्यात हे नेहमीचेच आहे. तेव्हापासून कुठलाही फॉर्म उघडण्याआधी पॅन, पासपोर्ट आणि रजिस्टर या तिन्हींतले स्पेलिंग शेजारी शेजारी ठेवून बघते.

एक ADT-1 चार दिवस उशिरा गेला. वार्षिक सभेपासून १५ दिवस मोजायचे, ते मी सभावृत्तावर सही झाल्याच्या तारखेपासून मोजले. चूक माझी, जादा फी मात्र क्लायंटने भरली.

बोर्ड मीटिंग

सात दिवसांची नोटीस, अजेंडा, त्यावरच्या टिपणी, हजेरीपत्रक, संचालकांचे MBP-1, ठरावांचे मसुदे आणि सभावृत्त. सचिवीय मानक एसएस-१ प्रमाणे मसुदा १५ दिवसांत सर्व संचालकांकडे, त्यांच्या सूचनांसाठी ७ दिवस आणि सभेपासून ३० दिवसांत वहीत नोंद. आतापर्यंत ४१ सभांचे कागद तयार केले, त्यांपैकी १७ सभांना प्रत्यक्ष हजर होते.

एका कंपनीचे एक संचालक बोटीवर असतात, म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. रजा मंजूर करून घेतली की झाले, असे घरच्यांना वाटत होते. पण रजा घेतलेली असो वा नसो, सलग बारा महिन्यांत एकाही बोर्ड मीटिंगला हजेरी नसेल तर कलम १६७ खाली पद जाते. त्यांचे दहा महिने भरत आले आहेत हे हजेरीच्या वहीत मला दिसले. बोट बंदरात कधी लागणार ते त्यांच्या पत्नीकडून विचारून घेतले आणि त्या दिवशी व्हिडिओ कॉन्फरन्सने सभा ठेवली. ते कुठून बोलत आहेत आणि कागद त्यांना मिळाले आहेत का, हे अध्यक्षांनी विचारले; ते रेकॉर्डिंगमध्येही आहे आणि वृत्तातही.

वैधानिक रजिस्टर

मला सगळ्यांत आवडलेले काम. १४ कंपन्यांची रजिस्टरे तपासून अद्ययावत केली: सभासद (MGT-1), संचालक व केएमपी, बोजे (CHG-7), कर्ज व हमी (MBP-2), संचालकांचे हितसंबंध असलेले करार (MBP-4). पोर्टलवर बोजा फिटलेला आणि CHG-7 मध्ये तो अजून उभा, असे तीन ठिकाणी सापडले.

फोंड्याच्या एका कंपनीत वडील वारले आणि त्यांचे शेअर मुलांच्या नावे करायचे होते. मुलांनी मृत्यूचा दाखला आणला आणि ‘दोघांत अर्धे अर्धे करा’ म्हणाले. आई सोबतच बसली होती, तिला कोणी विचारले नव्हते. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्ता पती-पत्नीची सामाईक असते. म्हणजे निम्मा हिस्सा आईचा स्वतःचाच, वारसाहक्काचा प्रश्न उरलेल्या निम्म्याचा. मी सरांना टिपण दिले. वारसा दस्त आणि वाटणीचे कागद आल्याशिवाय MGT-1 ला हात लावला नाही. ट्रान्समिशनला SH-4 लागत नाही, पण कागद पूर्ण होऊन सूचना आली की प्रमाणपत्र एका महिन्यात द्यावे लागते. ते अठराव्या दिवशी दिले.

अनुपालन कॅलेंडर

ऑफिसात भिंतीवर एक तक्ता होता. त्याची मी एक्सेल शीट केली. प्रत्येक कंपनीसमोर सभेची तारीख टाकली की AOC-4 चे ३० दिवस, MGT-7 चे ६०, दोन बोर्ड मीटिंगांमधले १२० दिवस आपोआप दिसतात. मंत्रालयाने मुदत वाढवली की ती वेगळ्या रकान्यात जाते, मूळ तारीख मी पुसत नाही. वाढीव मुदतीच्या भरवशावर राहिले की शेवटच्या रात्री पोर्टल काय करते ते या वर्षी पाहिले.

१ डिसेंबर २०२५ पासून लहान कंपनीची मर्यादा भरणा भागभांडवल १० कोटी आणि उलाढाल १०० कोटी झाली. त्या आठवड्यात सगळी यादी पुन्हा चाळली. होल्डिंग आणि सबसिडियरी कंपन्या वगळून आणखी पाच कंपन्या लहान ठरल्या, त्यांच्या सभांचे वेळापत्रक बदलले.

कॅलेंडरात चवथ मी स्वतः घातली. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती. वार्षिक सभेला २१ स्पष्ट दिवसांची नोटीस, त्याआधी हिशेब मंजूर करणारी बोर्ड मीटिंग, आणि नेमके तेव्हा संचालक गावच्या मूळ घरी माटोळी बांधण्यात गुंतलेले. म्हणून हिशेबांच्या सभा २२ ऑगस्टच्या आत उरकायच्या असे ठरवले. ३४ पैकी २६ कंपन्यांच्या झाल्या. उरलेल्यांच्या मागे दीड दिवसाचे गणपती पोचवून झाल्यावर लागले.

जे केलेले नाही

लिस्टेड कंपनीचे काम केलेले नाही; सेबीचे एलओडीआर नियम फक्त अभ्यासात वाचले आहेत. एनसीएलटीसमोरचे एकच प्रकरण पाहिले, तेही मुंबई खंडपीठाची ऑनलाइन सुनावणी मागे बसून.

शिक्षण आणि इतर

बी. कॉम., गोवा विद्यापीठ, २०२२, प्रथम श्रेणी. सीएस एक्झिक्युटिव्ह, २०२४. प्रोफेशनलचा अभ्यास चालू, पहिला गट जून २०२६ मध्ये देणार. त्यासाठी तीन आठवडे रजा लागेल, हे आधीच सांगते. शाळा मराठी माध्यमाची. मराठी, कोंकणी, इंग्रजी, हिंदी लिहिता-बोलता येतात. ठरावांचे मसुदे इंग्रजीत करते, पण भागधारकांना ते कोंकणीत समजावून सांगावे लागतात, तेही करते. एक्सेल आणि टॅली येते.

स्कूटर आहे, फोंड्याहून वेर्ण्याला रोज येऊ शकते. सध्याच्या सरांची बदलीला संमती आहे. त्यांचे पत्र आणि संस्थेकडील प्रशिक्षण नोंदणीची प्रत सोबत जोडली आहे. ३ फेब्रुवारीपासून रुजू होऊ शकते.

वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे.

फोंडा, १८ जानेवारी २०२६
दीक्षा गुरुदास नाईक